यील्ड पास, इलाँगेशन नापास: ए-356 ब्रॅकेटचं एक प्रकरण

भोसरीतल्या एका अॅल्युमिनियम फाउंड्रीतून फोन आला तेव्हा ग्राहकाने त्यांचा 600 नगांचा लॉट अडकवून ठेवला होता. माल होता ट्रकच्या इंजिनाला आधार देणारा ब्रॅकेट. ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगने ओतलेला, वजन पावणेचार किलोच्या आसपास, धातू ए-356 हा अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा मिश्रधातू, वर टी-6 हीट ट्रीटमेंट, म्हणजे आधी बराच वेळ तापवून ठेवायचं ते सोल्यूशनिंग, मग झटकन थंड करायचं तो क्वेंच, आणि शेवटी कमी तापमानावर मुरवायचं ते एजिंग. ड्रॉइंगवर अट स्पष्ट होती: नमुना कास्टिंगच्याच हातातून कापायचा आणि त्यात टेन्साइल किमान 250 मेगापास्कल, यील्ड किमान 180 मेगापास्कल, इलाँगेशन किमान 5 टक्के मिळालं पाहिजे. ग्राहकाच्या लॅबने तीन नमुने ओढले. सरासरी टेन्साइल, म्हणजे नमुन्याने सोसलेला सर्वाधिक ताण, 236; यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो, 192; आणि इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी तो किती टक्के लांबला ते, 2.1.

या तीन आकड्यांतला मधला आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. बाकीचे दोन नापास आणि हा मात्र आरामात पास.

ए-356 मध्ये साधारण 7 टक्के सिलिकॉन आणि 0.25 ते 0.45 टक्के मॅग्नेशियम असतं. टी-6 मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून अॅल्युमिनियमच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि यील्ड मुख्यतः त्या कणांवर ठरतं. मॅग्नेशियम कमी पडलं, क्वेंच मंद झाला, एजिंग कच्चं राहिलं, तर आधी यील्ड खाली येतं. इथे ते 192 होतं. म्हणजे अॅल्युमिनियमने आपलं काम केलं होतं. धातू ताण सोसायला लागला, वाकायला सुरुवात झाली, पण पुरेसा ताणला जाण्याआधीच कुठूनतरी तडकला. टेन्साइल कमी दिसत होतं तेही त्याचमुळे. ताणाचा वक्र वर चढत असतानाच मध्ये तुटला, शिखरापर्यंत पोहोचलाच नाही.

फाउंड्रीतल्या मंडळींनी मात्र आधी हीट ट्रीटमेंटवर संशय घेतला होता, आणि त्यात तीन आठवडे गेले होते. 540 अंशांवरचं सोल्यूशनिंग सहा तासांवरून दहा तासांवर नेलं. इलाँगेशन 2.1 वरून 2.6 झालं. मग एजिंग 155 अंशांऐवजी 145 अंशांवर करून पाहिलं. इलाँगेशन 2.9 झालं, पण यील्ड 168 वर घसरलं. आता दोन्हीकडून नापास. हा मोह अनेक ठिकाणी पाहिला आहे. एजिंग कच्चं ठेवलं की इलाँगेशन थोडं वाढतं खरं, पण ते यील्डच्या खिशातून काढलेले पैसे असतात.

पोचल्यावर मी पहिल्यांदा तुटलेले तुकडे मागितले. तुटलेला पृष्ठभाग उजेडात फिरवला की बारीक आरशांसारखे कण चमकत होते, फुटलेल्या खडीसाखरेसारखे. ए-356 मध्ये किंचित स्ट्रॉन्शियम घालून त्यातलं सिलिकॉन बारीक करतात, त्याला मॉडिफाय करणं म्हणतात. चांगल्या मॉडिफाय झालेल्या ए-356 चा भंग असा नसतो. तो मंद राखाडी, रेशमासारखा बारीक पोताचा दिसतो. चकाकी म्हणजे सिलिकॉनच्या सपाट पाट्या फुटल्याची खूण.

क्वालिटीच्या मॅडमनी लगेच स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट पुढे केला. "सर, स्ट्रॉन्शियम तर 0.021 टक्के आहे. रोजचं आहे. एकही दिवस चुकलेला नाही." सिलिकॉन 7.0, मॅग्नेशियम 0.34, लोह 0.13, टायटॅनियम 0.12. रिपोर्टमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती.

मी ब्रॅकेटच्या हातातून, ग्राहकाने नमुना कापला होता त्याच्या शेजारूनच, एक तुकडा कापायला सांगितला. माउंट करून, घासून, पॉलिश करून, रचना दिसावी म्हणून अर्धा टक्का हायड्रोफ्लुओरिक आम्लाने हलकं कोरलं, म्हणजे एच केलं. (हे आम्ल इतकं पातळ असलं तरी हातमोजे आणि एक्झॉस्टशिवाय हाताळू नये. ते कातडीतून आत शिरतं आणि बराच वेळ दुखतही नाही.) 200 पटीत पाहिलं आणि शंका उरली नाही. पांढऱ्या अॅल्युमिनियमच्या फांद्यांमधल्या जागेत करड्या, लांब, टोकदार सुया पसरल्या होत्या. अमेरिकन फाउंड्री सोसायटीच्या सहा वर्गांच्या तक्त्यात पहिला वर्ग म्हणजे अजिबात मॉडिफाय न झालेली रचना. आमचा नमुना पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या मध्ये बसत होता.

आता गाठ पडली. स्पेक्ट्रो म्हणतो स्ट्रॉन्शियम भरपूर आहे, मायक्रोस्कोप म्हणतो त्याचा मागमूस नाही.

पुढे जाण्याआधी या सुयांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यांच्या आकारावर उभं आहे. ए-356 थंड होताना आधी अॅल्युमिनियमच्या फांद्या गोठतात. उरलेल्या द्रवात सिलिकॉनचं प्रमाण वाढत जातं, आणि त्यात साडेबारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन जमला की 577 अंशांच्या जवळपास तो अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन अशा दोन्ही रूपांत एकाच वेळी गोठतो. हेच युटेक्टिक. त्यात सिलिकॉनचा स्वभाव हट्टी. त्याचा स्फटिक ठराविक सपाट पृष्ठांनीच वाढतो आणि म्हणून पातळ, रुंद पाट्या तयार होतात. काप घेतल्यावर आपल्याला सुया दिसतात, पण त्या खरं तर पाट्यांच्या कडा असतात. अॅल्युमिनियम आम्लात विरघळवून नुसतं सिलिकॉन उरू दिलं की कळतं, या पाट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. काच फोडून तिचे तुकडे पिठात उभे-आडवे खोचावेत, तसं चित्र.

सिलिकॉन ठिसूळ आहे आणि अॅल्युमिनियमपेक्षा बराच ताठ. नमुना ओढला की अॅल्युमिनियम ताणलं जातं, पण पाटी ताणली जात नाही. त्यामुळे भार पाटीवर जमा होतो. पाटी जितकी लांब आणि पातळ, तितका जास्त. दोन-तीन टक्के ताणण्याच्या आतच मोठ्या पाट्यांना आरपार तडे जातात. प्रत्येक तडा पाटीएवढा लांब, आणि पाट्या जोडलेल्या असल्याने एका तड्याला पुढच्या तड्यापर्यंत पोचायला आयती वाट मिळते. यील्डच्या वेळेपर्यंत हे तडे विशेष काही बिघडवत नाहीत, म्हणून यील्डचा आकडा जवळजवळ तोच राहतो. बिघडतं ते त्यानंतरचं सगळं.

द्रवात 0.01 ते 0.02 टक्के स्ट्रॉन्शियम असलं की हाच सिलिकॉन बारीक, फांद्या फुटलेल्या तंतूंच्या रूपात वाढतो, समुद्रातल्या पोवळ्यासारखा. कापात तो बारीक गोल ठिपक्यांसारखा दिसतो. एवढ्याशा स्ट्रॉन्शियमने असं का होतं याचं सगळ्यांत मान्य झालेलं स्पष्टीकरण असं आहे की त्याचे अणू सिलिकॉनच्या वाढत्या कडांना चिकटतात आणि स्फटिकाला वारंवार दिशा बदलायला लावतात, त्यामुळे सपाट पाटी बनूच शकत नाही. दुसरं एक कामही ते करतं. व्यावसायिक धातूत फॉस्फरस अगदी दशलक्षात काही भाग एवढा का होईना असतोच, आणि त्याचं अॅल्युमिनियमशी बनलेलं संयुग सिलिकॉनला सुरुवात करून देणारं बी ठरतं. स्ट्रॉन्शियम ही बीजं निकामी करतं. ही गोष्ट पहिल्यांदा हाती लागली ती सोडियमने. मूळच्या हंगेरीच्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या अलादार पाट्स यांनी सोडियम फ्लोराइड वापरून ती केली आणि 1921 साली त्यांना पेटंट मिळालं. सोडियम फार परिणामकारक, पण अर्ध्या तासात उडून जातं. स्ट्रॉन्शियम काही तास टिकतं, म्हणून आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात.

काही तास टिकतं, पण त्याला टिकू दिलं तर. मी रिपोर्ट बाजूला ठेवून भट्टीपाशी गेलो.

होल्डिंग फर्नेस विजेवरची, 400 किलोच्या क्रूसिबलची. मेल्टर मामा तिथे बावीस वर्षं काम करत होते. मी विचारलं, "मामा, सकाळी मेल्ट आल्यापासून पहिला नग ओतेपर्यंत काय काय करता, ते करूनच दाखवा." त्यांनी दाखवलं. मेल्टिंग फर्नेसमधून धातू आला, तापमान 730 अंश. त्यांनी दहा टक्के स्ट्रॉन्शियमच्या मास्टर अलॉयचा रॉड 900 ग्रॅम मोजून टाकला. हिशेब बरोबर होता. 400 किलोत 0.02 टक्के म्हणजे 80 ग्रॅम स्ट्रॉन्शियम, म्हणजे 800 ग्रॅम रॉड, आणि वर थोडी जळ धरून 900. पंधरा मिनिटांनी स्पेक्ट्रोसाठीचा छोटा नमुना, म्हणजे बटण, ओतून मुलाने लॅबकडे नेलं. मग मामांनी पेटी उघडून डीगॅसिंगच्या, म्हणजे धातूत विरघळलेला हायड्रोजन वायू काढायच्या, गोळ्या काढल्या, 800 ग्रॅम, प्लंजरच्या घंटेत भरल्या आणि तळाशी दाबून धरल्या. पांढरा धूर उसळला.

"गोळ्या आधी का नाही टाकत?"

"साहेब, रॉड टाकला की मेल्ट ढवळावा लागतो, त्यात हवा जाते. म्हणून गॅस शेवटी काढायचा. पहिल्यापासून असंच."

मामांचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं. हायड्रोजन शेवटी काढावा हे खरंच आहे. चूक गोळ्यांच्या रसायनात होती. त्या हेक्झाक्लोरोइथेनच्या होत्या. तापल्या की त्यांतून क्लोरीनयुक्त वायू सुटतात. बुडबुड्यांबरोबर हायड्रोजन वर येतो, पण क्लोरीनला स्ट्रॉन्शियमही फार आवडतं. ते क्लोराइड होऊन मळीत जातं. आणि मळी मामा अगदी मन लावून काढून टाकत होते.

स्पेक्ट्रोचा नमुना या धुराच्या आधी घेतला जात होता. म्हणजे रिपोर्ट खरा होता, पण तो ज्या धातूचा होता तो धातू डायमध्ये कधी जातच नव्हता.

त्या दिवशी आम्ही त्याच पद्धतीने शिफ्ट चालू दिली आणि मध्ये मध्ये बटणं घेतली. रॉडनंतर 0.021. गोळ्यांनंतर, म्हणजे पहिला नग ओतताना, 0.009. अडीच तासांनी 0.008. तेव्हा साधारण 150 किलो धातू ओतून झाला होता, म्हणून मेल्टिंग फर्नेसमधून तेवढाच भरला, आणि त्या धातूत स्ट्रॉन्शियम नावालाच होतं. क्रूसिबलमधलं प्रमाण 0.005 वर आलं. भरल्यावर नियमाप्रमाणे पुन्हा गोळ्या. 0.002. शिफ्टचा उरलेला सगळा माल या धातूत ओतला गेला. ग्राहकाने नापास केलेले तीनही नग दुपारनंतरच्या तारखेच्या खुणांचे निघाले.

मग फाउंड्रीच्या स्वतःच्या टेस्ट बारमध्ये हे कधीच का दिसलं नाही? ते बार सकाळी पहिल्या नगांबरोबर ओतले जात. धातूत तेव्हा अजून 0.009 शिल्लक, आणि बार फक्त 12 मिलिमीटर जाड. डायमध्ये तो इतक्या झटकन गोठतो की सिलिकॉनला पाटी वाढवायला वेळच मिळत नाही. जलद थंडावा स्वतःच अर्धं मॉडिफिकेशन करतो. ब्रॅकेटचा हात 22 मिलिमीटर जाड होता. मॅडमनी एकदा स्पेक्ट्रोच्या बटणाचंच मायक्रो पाहून समाधान मानलं होतं. ते बटण तांब्याच्या साच्यात क्षणात गोठतं, त्यात सिलिकॉन नेहमीच बारीक दिसणार. रचना पाहायची तर कास्टिंगच्या जाड भागातूनच पाहावी लागते.

कारण सापडलं तरी उपाय लगेच सापडला नाही, आणि हा टप्पा मला जास्त शिकवून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही फक्त क्रम उलटा केला. आधी गोळ्या, मग मळी काढली, मग रॉड, मग वीस मिनिटं थांबून ओतणं. थांबायचं अशासाठी की मास्टर अलॉय विरघळून सगळीकडे पसरायला तेवढा वेळ लागतो. ओतताना स्ट्रॉन्शियम 0.019. मायक्रोमध्ये सुंदर तंतुमय सिलिकॉन, तक्त्यातला पाचवा वर्ग. सगळे खूश. हीट ट्रीटमेंट होऊन नमुने ओढले, तर इलाँगेशन 3.6. दोन नमुन्यांत 4.4 आणि 2.7 असा फरकही.

तुटलेला पृष्ठभाग आता राखाडी होता, पण त्यावर बारीक काळे खळगे होते. पॉलिश केलेल्या तुकड्यात फांद्यांच्या मधून वेडीवाकडी सूक्ष्म छिद्रं विखुरलेली दिसली. स्ट्रॉन्शियम टाकलेल्या धातूत ही तक्रार जुनी आहे. मॉडिफाय न झालेल्या धातूत आकुंचनाची पोकळी एका जागी, बहुधा आकुंचनाची तूट भरून काढायला ठेवलेल्या धातूच्या साठ्यापाशी, म्हणजे रायझरपाशी, जमते. मॉडिफाय झालेल्या धातूत युटेक्टिकचं गोठणं वेगळ्या रीतीने पुढे सरकतं आणि तीच पोकळी सगळीकडे विखुरते. धातूत हायड्रोजन कमी असेल तर ती फारशी दिसत नाही. पण आता रॉड टाकून ढवळल्यावर आणि वीस मिनिटं उघडं ठेवल्यावर हायड्रोजन काढायचं काहीच होत नव्हतं. मामांची भीती अक्षरशः खरी ठरली होती. त्यांना मी तसं सांगितलंही.

हायड्रोजन मोजायला त्यांच्याकडे साधन नव्हतं, पण व्हॅक्यूममध्ये नमुना गोठवायचं यंत्र कोपऱ्यात पडून होतं. एकाच डोयातला धातू दोन कपांत ओतायचा, एक खुल्या हवेत आणि एक 80 मिलिबार दाबाखाली गोठवायचा. दोन्हींचं वजन हवेत आणि पाण्यात करून घनता काढायची. दाब कमी असला की विरघळलेला हायड्रोजन फुगून बाहेर येतो आणि तो नमुना हलका होतो. आमच्या धातूत खुल्या हवेतल्या नमुन्याची घनता 2.67, व्हॅक्यूममधल्याची 2.54. फरक जवळपास पाच टक्के. अशा सुरक्षेच्या भागासाठी मी दोन टक्क्यांच्या आत आग्रह धरतो.

शेवटी गोळ्या बंद केल्या. भाड्याने एक रोटरी डीगॅसर आणला, ग्रॅफाइटच्या रोटरचा, कोरड्या नायट्रोजनवर चालणारा. नायट्रोजनचे बुडबुडे हायड्रोजन घेऊन जातात, स्ट्रॉन्शियमला हात लावत नाहीत. त्यामुळे रॉड आधी टाकता येतो आणि रोटरच तो मेल्टमध्ये मिसळून देतो. क्रम असा बसला: धातू भरायचा, 720 अंशांवर रॉड, मग बारा मिनिटं रोटर. वेग इतकाच की पृष्ठभागावर भोवरा पडणार नाही. भोवरा पडला तर हवा आणि ऑक्साइडचे पापुद्रे आत ओढले जातात आणि केलेलं सगळं वाया जातं. मग मळी काढून, दहा मिनिटं शांत ठेवून, त्यानंतर स्पेक्ट्रोचं बटण आणि व्हॅक्यूमचे कप. मधल्या भरण्यालाही तोच हिशेब: 150 किलोला 340 ग्रॅम रॉड आणि सहा मिनिटं रोटर.

या पद्धतीच्या पहिल्या शिफ्टमध्ये घनतेतला फरक दीड टक्क्यावर आला. सकाळी स्ट्रॉन्शियम 0.020, शिफ्टच्या शेवटी 0.016. सकाळ, दुपार आणि शेवट अशा तीन वेळच्या नगांच्या हातातून नमुने कापले. सरासरी टेन्साइल 276, यील्ड 195, इलाँगेशन 7.2. यील्ड 192 चं 195 झालं, म्हणजे जागचं हललंही नाही म्हणा. इलाँगेशन तिपटीहून जास्त. सोल्यूशनिंगही परत सहा तासांवर आणलं, कारण बारीक तंतू 540 अंशांवर लवकर तुटून गोल होतात. जाड पाट्यांना दहा तासही पुरले नव्हते.

ब्रॅकेटला इंजिनाकडच्या बाजूला एक बॉस, म्हणजे जाड उंचवटा आहे, 45 मिलिमीटर जाडीचा. तिथून कापलेल्या नमुन्यात इलाँगेशन 4.6 च मिळालं. सिलिकॉन तिथेही तंतुमय होतं. पण तो भाग सर्वांत शेवटी गोठतो, म्हणून अॅल्युमिनियमच्या फांद्या जाड झाल्या होत्या, आणि लोहाच्या संयुगाच्या लांब पाट्या वाढायला तिथे वेळ मिळाला होता. स्ट्रॉन्शियमने या दोन्ही गोष्टी सुधारत नाहीत. लोहाला खरेदीच्या वेळीच आवरावं लागतं, आणि फांद्यांसाठी डायमध्ये त्या जागी थंडावा वाढवावा लागतो. ग्राहकाची अट हातापुरती असल्याने लॉट तिथे अडला नाही, तरी आम्ही डायच्या त्या भागात तांब्याचा इन्सर्ट बसवायचं ठरवलं.

निघताना मॅडमनी विचारलं, "उद्या दुसऱ्या पुरवठादाराचा इन्गॉट आला तर?" प्रश्न नेमका होता. मी त्यांना दोन मूलद्रव्यांवर डोळा ठेवायला सांगितलं. एक अँटिमनी. काही कारखाने सिलिकॉन बारीक करायला अँटिमनी वापरतात. तो मेल्टमध्ये कायम राहतो आणि स्ट्रॉन्शियमशी संयोग करून त्याला निकामी करतो. तेव्हा स्पेक्ट्रो स्ट्रॉन्शियम पूर्ण दाखवेल आणि मायक्रोमध्ये तरीही पाट्या दिसतील. दुसरा फॉस्फरस. पिस्टनच्या जास्त सिलिकॉनच्या धातूत तो मुद्दाम घालतात, तिथे तो हवाच असतो. पण त्या पिस्टनचा भंगार माल ए-356 च्या भट्टीत आला तर नेहमीचा डोस पुरत नाही. म्हणून रोज सकाळी एक थर्मल अॅनालिसिसचा, म्हणजे गोठतानाचं तापमान नोंदवणारा, कप ओता, असंही सुचवलं. युटेक्टिक गोठतानाचं सपाट टप्प्याचं तापमान त्याच धातूच्या मॉडिफाय न केलेल्या नमुन्यापेक्षा सहा-आठ अंशांनी खाली आलं असेल तर काम झालेलं आहे. ते तापमान जागेवरच असेल तर स्पेक्ट्रो काहीही म्हणो, ओतायचं थांबवा.

शिफ्टच्या नोंदवहीत पूर्वी "स्ट्रॉन्शियम" असा एकच रकाना होता. मामांनी स्वतः पट्टी घेऊन त्याचे तीन केले: रोटरनंतर, भरण्यानंतर, शेवटचा नग. तिसऱ्या रकान्यातली पहिल्या दिवशीची नोंद 0.016 आहे, आणि शेजारी त्यांची सही.